दहावीच्या पालकांस पत्र : हजेरीची टक्केवारी

दि. १ डिसेंबर २०२५

सन्माननीय पालक,
स. न.

गेल्या आठवड्यात नोव्हेंबरअखेरची हजेरी मुलांच्या हाती दिली आणि दुसऱ्याच दिवसापासून ऑफिसात विचारणा सुरू झाली. "पोरगा रोज डबा घेऊन निघतो, मग टक्के कमी कसे?" म्हणून हिशोबच लिहून पाठवते.

हजेरी दोनदा घेतली जाते, प्रार्थनेनंतर आणि मधल्या सुट्टीनंतर. दोन्ही वेळा मूल वर्गात असेल तर एक दिवस, एकदाच असेल तर अर्धा. टक्के कमी पडण्याचं मुख्य कारण हेच आहे. दीडची एसटी गाठायची म्हणून मागच्या बाकावरची चार-पाच मुलं डबा खाऊन निघतात. घरी वाटतं, शाळा झाली.

भरलेल्या दिवसांना शाळेच्या कामाच्या दिवसांनी भागून शंभराने गुणायचं. रविवार आणि सुट्ट्या कामाच्या दिवसांत येत नाहीत. जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत शाळा ११२ दिवस भरली. समजा एक मुलगी ७८ दिवस पूर्ण आणि ६ दिवस अर्धी आली. म्हणजे ८१ दिवस, ७२.३२ टक्के.

एका पालकांनी महिन्यांच्या टक्क्यांची सरासरी काढून आणली होती. तसं करू नका. दिवाळीच्या महिन्यात १२ पैकी १२ दिवस आणि आधीच्या महिन्यात २४ पैकी १२ दिवस हजेरी असेल, तर सरासरी ७५ येते. खरी हजेरी मात्र ३६ पैकी २४, म्हणजे ६६.६७ टक्के.

मंडळाच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसायला किमान ७५ टक्के लागतात. ७४.६ चे ७५ आम्ही करत नाही. रजेचा अर्ज दिला तरी तो दिवस गैरहजरच धरला जातो. अर्जाने फक्त कारण कळतं. शाळेतर्फे स्पर्धेला गेलेली मुलं हजर धरतो. मोठं आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला मूल शाळेत परतल्यावर आठ दिवसांत द्या. तो आम्ही विभागीय मंडळाकडे पाठवू. निर्णय मंडळाचा असेल.

वरच्या मुलीचंच पुढचं पाहू. जानेवारीअखेर आणखी ५० दिवस शाळा आहे, एकूण १६२. त्याचे ७५ टक्के १२१.५. तिचे ८१ झालेत, म्हणजे ५० पैकी ४१ दिवस पूर्ण यायला हवं. नऊच दिवस हातात उरतात. कांद्याची लागवड आणि लग्नसराई याच दोन महिन्यांत असते, हे मलाही ठाऊक आहे. माझ्याही घरी शेती आहे. तरी दहावीचं पोर रोपं लावायला नेऊ नका.

ज्यांची हजेरी ७५ च्या खाली आहे, त्यांच्या पत्रासोबत तारखांची यादी जोडली आहे. ती घरी मुलासमोर वाचा. एखादा दिवस चुकीचा वाटला तर शनिवारी, ६ डिसेंबरला सकाळी ९ ते ११ या वेळेत या. वर्गशिक्षक हजेरीपट घेऊन बसलेले असतील. पत्राखालची पोच सही करून गुरुवारपर्यंत परत पाठवावी.

आपली,
मुख्याध्यापिका