विशेष सर्वसाधारण सभा: आयकर नोटिशीबाबत सचिवांचे निवेदन

नमस्कार मंडळी. मागची खुर्ची धरून बसलेत त्यांनी जरा पुढं या. पंखा इथंच आहे.

आपल्या सोसायटीच्या जमेवर कर का लावू नये, अशी आयकर खात्याची नोटीस मंगळवारी आली, तेव्हापासून मला सतरा फोन आले. कुणी म्हणालं, फाडून टाका, आपण काय धंदा करतो? कुणी म्हणालं, मागतील ते भरा नि मोकळे व्हा. माझं म्हणणं, दोन्ही नको. आधी पैसा कुणाकडून आला ते बघू, मग उत्तर देऊ.

तुम्ही दरमहा भरता तो मेंटेनन्स, ट्रान्सफर फी, फ्लॅट भाड्यानं दिलेल्यांकडून घेतो ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस: हा आपलाच पैसा, आपल्याच लिफ्टला नि टाकीला लागतो. स्वतःकडून स्वतःला नफा होत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली व्यंकटेश प्रिमायसेस प्रकरणात हेच सांगितलंय. इथं एक रुपयाही सोडायचा नाही. खजिनदारांनी सभासदवार लेजर काढून ठेवलंय, ते उत्तराला जोडू.

गच्चीवरच्या टॉवरचं वर्षाचं १,८०,००० भाडं मात्र बाहेरचं. ते लपवण्यात अर्थ नाही, कंपनीनं टीडीएस कापलाय, खात्याला सगळं दिसतंय. इमारतीचं भाडं म्हणून दाखवलं की ३० टक्के वजावट मिळते, तेवढी घेऊ, बाकीवर कर भरू.

आता ठेवींचं व्याज. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या ठेवीवरचं व्याज करपात्रच. २०१३ च्या बंगलोर क्लबच्या निकालानंतर त्यात वाद उरला नाही. भांडण आहे ते सहकारी बँकेतल्या ९४,००० व्याजाचं. कोल्हापूरचे पाहुणे सांगतात, ‘सहकारी संस्थांच्या वजावटीचं कलम ८०पी लावा, माफ होतंय.’ पण पाहुण्यांचं हायकोर्ट मुंबईचं, आपलं कर्नाटकचं. शिरसीच्या तोटगार सोसायटीच्या प्रकरणांत आपल्या हायकोर्टानं २०१७ साली आधी वजावट दिली आणि त्याच वर्षी नंतर नाकारली. म्हणून वजावट मागायची, आधीच्या निकालाचा आधार द्यायचा, पण तेवढा कर बाजूला काढून ठेवायचा. रंगकामाच्या निधीला हात लावायचा नाही.

रिटर्न मुदतीत भरला होता, म्हणून ही वजावट मागायला तोंड तरी आहे. उशीर झाला असता तर हक्कच गेला असता. त्यावेळी सीएच्या फीवरून माझ्यावर ओरडलेले कोण कोण ते मला आठवतंय, असो.

उत्तर पोर्टलवरच जाईल, त्याची पोचपावती नोटीस बोर्डावर लावतो. पंधरा दिवसांची मुदत आहे, त्यातले सहा गेले. कुणी ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणून परस्पर भेटायला जाऊ नका, हात जोडतो. विरुद्ध आदेश आला तर ३० दिवसांत अपील करायचं. त्याचाही अधिकार आजच समितीला द्या, पुन्हा सभा बोलवायला वेळ राहणार नाही.

ठराव खजिनदार वाचतील. मंजूर असेल त्यांनी हात वर करा, आणि मिनिट्सवर सही केल्याशिवाय चहाकडं जाऊ नका.