एकच पदार्थ, अर्ध्या तासाची रांग: विश्रामबागची भडंग भेळ

शॉर्टची संहिता, शूटिंगला जाण्याआधीची शेवटची प्रत

चौकट उभी, ९:१६. तीन मिनिटांची मर्यादा आहे, आपण अडीचच्या आसपास थांबू. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला गाड्यावर पोचायचं, म्हणजे रांग लागायच्या आधीची मांडणीही मिळेल. घरी भडंग आणि चटणी करणाऱ्या मामींचं शूटिंग दुपारी तीनला. पूर्ण व्हिडिओत संगीत नाही. कढई, झारा, द्रोण आणि चावण्याचा आवाज एवढ्यावरच हे उभं राहणार आहे, म्हणून कॉलरचा माईक गाडेवाल्या मामांना आणि दुसरा थेट पातेल्याजवळ. पडद्यावरची अक्षरं मधोमध ठेव. खाली आणि उजवीकडे बटणं येतात, तिथं गेलेलं कुणी वाचत नाही.

०:०० ते ०:०५
पडदाभर द्रोण. चिमटीत उचललेला घास, त्यावर चटणीची चमक. घास वर जातो, फक्त ओठ आणि हनुवटी दिसते. कुरुम, कुरुम. बाकी सगळा आवाज शून्य.

निवेदन: ऐकलं? एवढ्यासाठी ही माणसं अर्धा तास उभी आहेत.

०:०५ ते ०:२२
एकच सलग शॉट. कॅमेरा गाड्यापाशी सुरू होतो आणि रांगेच्या कडेनं मागं मागं चालत जातो. मेडिकलची पायरी, उभ्या स्कुटी, बँकेचं बंद शटर, तिथून वळण, आणि तरी रांग संपत नाही. मध्ये कट नको. कट घेतला की बघणाऱ्याला वाटतं रांग जोडून मोठी केली. उंची खांद्याची ठेव, वरून घेतलं तर माणसं ठिपके होतात. ज्यांचे चेहरे जवळून येतील त्यांना आधी विचारून घे, नको म्हणाले तर पाठमोरं.

निवेदन: सांगली-मिरज रोड, विश्रामबाग. साडेसहा वाजलेत. विलिंग्डनची पोरं आहेत, वालचंदची आहेत, ड्युटी उतरून आलेले कंडक्टर काका आहेत, नातवाला घेऊन आलेल्या आज्जी आहेत. गाड्यावर पाणीपुरी नाही, शेवपुरी नाही, रगडा नाही. एकच गोष्ट मिळते.

पडद्यावर: भडंग भेळ. ४० रुपये.

०:२२ ते ०:४०
रांगेतल्या माणसांशी बोलणं. प्रश्न मी विचारेन, मी चौकटीत दिसायचं नाही. खालची उत्तरं गेल्या आठवड्यात गाड्यावर उभं राहून ऐकलेली आहेत. त्या दिवशी जे बोलतील ते ह्याहून चांगलं असेल तर तेच ठेवू. कुणाला वाक्य पढवायचं नाही.

मी: काका, किती वेळ झाला उभं राहून?
कंडक्टर काका: वीस मिनटं झाली असतील. अजून धा लागतील.
मी: भेळ तर कुठंही मिळते की.
कंडक्टर काका: मिळती की. ती गिळायची भेळ. ही चावायला लागती.

कॉलेजची मुलगी: घरी पार्सल नेलं की मजा जाते, म्हणून इथंच खायचं. मामा पार्सल देतच नाहीत तसं पण.

आज्जी: मला दात न्हाईत बाळ. ह्यो खातोय, मी शेव खाती चटणी लावून.

आज्जींचं वाक्य झाल्यावर दोन सेकंद नातू खाताना. त्याच्यावर काही बोलायचं नाही.

०:४० ते १:०५
गाड्याची कड. मामांचे हात, कोपरापर्यंतच. कांदा चिरतायत, तोही समोर, मूठभरच.

मी: मामा, एवढी गर्दी आहे, एकदम धा-बारा प्लेटांचं कालवून का ठेवत नाही? रांग पटकन हलेल.
मामा: हलंल की. पण पैल्याला कुरकुरीत आणि धाव्याला चिखल. त्यानं काय पाप केलंय? (हसतात, हात थांबत नाही.) दोनच प्लेटा कालवायच्या. दोन गेल्या की फुडच्या दोन.

इथं कॅमेरा मामांच्या चेहऱ्यावर जाऊ दे. पहिल्यांदाच. आतापर्यंत हात दाखवले ते ह्यासाठी.

१:०५ ते १:३५
हा भाग ह्या व्हिडिओचा कणा आहे, इथं घाई करू नकोस. फळीवर दोन द्रोण शेजारी शेजारी. दोन्हीत तीच भेळ, एकाच वेळी कालवलेली. एक लगेच खायचा. दुसरा पाच मिनिटं तसाच ठेवायचा. मधला वेळ वेगानं पळवायचा, मागं रांग पुढं सरकताना दिसेल, द्रोण मात्र जागेवर.

पहिला घास: माईक तोंडाजवळ. कुरुम.
पडद्यावर: लगेच
दुसरा घास: माईक तिथंच. काहीच नाही. ओलसर, मऊ, बिनआवाजाचा घास.
पडद्यावर: पाच मिनिटांनी

दुसऱ्या घासाला आवाज मुद्दाम वाढवायचा नाही, कमीही करायचा नाही. जसा आला तसा. लोकांना कळतं.

निवेदन: चुरमुरा कसा होतो माहितीय? भिजवून उकडलेल्या, वाळवलेल्या तांदळाला मिठाचं पाणी लावतात आणि तो तापलेल्या वाळूत टाकतात. आतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते, दाणा फुगतो आणि आत नुसती बारीक बारीक पोकळी राहते. त्या पोकळीमुळंच तो कुरकुरतो, आणि त्या पोकळीमुळंच चटणीचं पाणी शोषून लगेच मान टाकतो. भडंगाला तेलाचा हात फिरलेला असतो, म्हणून तो साध्या चुरमुऱ्यापेक्षा थोडा जास्त तग धरतो. थोडाच. रांग मामांच्या संथपणामुळं लागत नाही. ती ह्या थोड्या वेळामुळं लागते.

हे निवेदन लांब वाटेल. वाटू दे. मधून वाळूतल्या चुरमुऱ्याचं दृश्य हवं. भट्टीवाल्यांची परवानगी मिळाली आहे, सकाळी लवकर जाऊ. परवानगी असली तरी त्यांच्या कामाच्या मध्ये यायचं नाही.

१:३५ ते २:०५
मामींचं स्वयंपाकघर, दुपारचा उजेड. मोठी कढई.

मामी: हे भडंगाचे चुरमुरे, टपोरे. भेळीचे बारीक असतात, ते चालत न्हाईत. तेल तापलं की शेंगदाणे. मग लसूण, सालीसकट ठेचलेला. त्यो पार खरपूस व्हायला पायजे. जरा कच्चा राहिला की त्याची ओल चुरमुऱ्याला लागती आणि संध्याकाळपर्यंत भडंग मऊ. मग कढीपत्ता.
मी: आणि तिखट?
मामी: गॅस बंद करायचा आधी. गरम तेलात तिखट टाकलं तर जळतंय, काळं पडतंय. तेल जरा शांत झालं की हळद, तिखट, मीठ, वरनं पिठीसाखर. मग चुरमुरे घालून खालून वर हलवत ऱ्हायचं.

हळद पडताना अगदी जवळून. जिल्ह्याचीच राजापुरी हळद आहे. पडद्यावर फक्त "सांगलीची हळद" एवढंच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते वर्णनात टाकू. इथं मामींचा हात महत्त्वाचा.

चटणीचं भांडं. चिंच, गूळ आणि भिजवून वाटलेला बेदाणा.

मामी: बेदाणा तासगावचा. माझं माहेर तिकडंच. गूळ नुसता गोड लागतोय, बेदाण्यानं चटणीला अंग येतं. घट्ट होती, पाणी कमी सुटतं.

हे वाक्य कापायचं नाही. गोडीला बेदाणा घालण्यात चवीइतकीच अक्कल पाण्याची आहे, आणि ती मामींची आहे. गाडा मामांचा म्हणून ओळखला जातो, पण रांग ज्या दोन गोष्टींसाठी लागते त्या दोन्ही ह्या स्वयंपाकघरात होतात. म्हणून पडद्यावर मोठ्या अक्षरांत: भडंग आणि चटणी, दोन्ही मामींची.

२:०५ ते २:२८
परत गाड्यावर. आता पूर्ण प्लेट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात.

पातेल्यात दोन मुठी भडंग. फरसाण. कांदा. हिरव्या मिरचीचा ठेचा, विचारून. चटणी दोन पळ्या, कडेनं सोडलेल्या, मध्ये ओतलेल्या नाहीत. झाऱ्यानं चार-पाच हात, लगेच द्रोणात. वर शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड. शेजारी तळलेली मिरची.

मी: मामा, टोमॅटो?
मामा: न्हाई. पाणी सुटतंय त्याला. उन्हाळ्यात कैरी घालतो, ती आंबट पण असती आणि कडक पण.
मी: आणि पावसाळ्यात? हवाच ओली असते.
मामा: तवा कढई खाली बारीक जाळावर ठेवतो. भडंग कोमट करून घ्यायचं, मग कालवायचं. रांग अजून हळू सरकती. थांबत्यात लोकं. काय सांगायचं, पावसात छत्री धरून थांबत्यात.

मामांचा आवाज इथं जरा जड होतो, मी दोनदा ऐकलंय. त्या वेळी कॅमेरा जवळ नेऊ नकोस, आहे तिथंच राहू दे.

२:२८ ते २:३८
कंडक्टर काकांचा नंबर लागतो. द्रोण हातात येतो आणि ते बाजूला होतात, पण लांब जात नाहीत. गाड्याभोवती सगळे तसेच उभे राहून, मान खाली घालून खातायत. कुणाच्या हातात मोबाइल नाही, कारण दुसऱ्या हातात लिंबू आहे.

निवेदन: संध्याकाळी साडेपाच ते नऊ. सोमवारी बंद. पार्सल मिळत नाही. घाईत असाल तर येऊ नका, मामा दोनपेक्षा जास्त प्लेटा एकदम कालवणार नाहीत.

व्हिडिओखालचा मजकूर
विश्रामबागच्या ह्या गाड्यावर एकच पदार्थ मिळतो आणि त्यासाठी अर्धा तास थांबावं लागतं. का थांबावं लागतं ते व्हिडिओत दाखवलंय, दोन द्रोण शेजारी ठेवून. भडंग आणि चिंच-गूळ-बेदाण्याची चटणी मामी घरी करतात. भडंगातली हळद सांगलीची, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. मामा दोन-दोन प्लेटा कालवून हातात देतात, द्रोणात. पूर्वी छापील कागदावर द्यायचे, शाई अन्नाला लागते म्हणून ते त्यांनी बंद केलं. सांगली-मिरज रोड, विश्रामबाग चौकाच्या अलीकडे, डाव्या हाताला. गाड्या रस्त्यावर आडव्या लावू नका, शेजारच्या दुकानदारांना त्रास होतो आणि बोलणी मामांना खावी लागतात.
#सांगली #विश्रामबाग #भडंगभेळ #सांगलीचीभेळ

वर चिकटवायची पहिली कमेंट
चटणीचं प्रमाण बरेच जण विचारतील. मामींना विचारलं, त्या म्हणाल्या सांगा की, लपवायचं काय त्यात: एक वाटी चिंचेचा कोळ, पाऊण वाटी गूळ, पाव वाटी बेदाणा कोमट पाण्यात तासभर भिजवून वाटलेला, जिरेपूड, मीठ, थोडं तिखट, आणि मंद आचेवर चमच्याला धरेपर्यंत आटवायची. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर भडंग टाळा, त्यात शेंगदाणे आहेतच.