सोलापूरच्या मार्शल लॉवरच्या निबंधाबद्दल
अगं, ड्राफ्ट पूर्ण वाचला, विषय भारी घेतलायस. पण १९३० चा उठाव गिरणी कामगारांमुळे पेटला हा तुझा मेन मुद्दा पार तिसऱ्या पानावर येतो, तो पहिल्याच परिच्छेदात आण ना. आणि त्याला पुरावा? "सगळे कामगार रस्त्यावर उतरले" एवढ्यावर सर ऐकणार नाहीत, तेव्हाचं वर्तमानपत्र नाहीतर सरकारी कागद दाखव. चार हुतात्म्यांना फाशी सोलापुरात नाही, येरवड्यात झाली, १२ जानेवारी १९३१ ला, हे आधी बदल. त्या चौघांतल्या कुर्बान हुसेनांचा परिच्छेद मला सगळ्यात आवडला, खरंच, पण तो कामगारांच्या मुद्द्याला जोडलाच नाहीस, मधेच लटकलाय. सोलापुरी चादरीचा इतिहास मात्र काढून टाक.