प्रश्न ३ (अ) : डायरेक्ट मॅप्ड कॅश

प्रश्न : एका बाइट-अ‍ॅड्रेसेबल संगणकात १६ बिटांचा अ‍ॅड्रेस, १ केबी डायरेक्ट मॅप्ड कॅश आणि १६ बाइटचा ब्लॉक आहे. अ‍ॅड्रेसचे टॅग, इंडेक्स व ऑफसेट हे भाग कसे पडतात ते आपल्या परिसरातील उदाहरणासह समजावून सांगा. कॅश सुरुवातीला रिकामी आहे असे मानून 0x2C5A, 0x2C54, 0x305A, 0x2C5F, 0x2C60, 0x2C6C या वाचनांत हिट-मिस दाखवा. मिसची कारणे लिहा. (१५ गुण)

उत्तर :

मेन मेमरीतला प्रत्येक ब्लॉक कॅशच्या एकाच ठरलेल्या लाइनमध्ये बसू शकतो, दुसऱ्या कुठल्याही नाही. अशा रचनेला डायरेक्ट मॅप्ड कॅश म्हणतात.

आमच्या गावच्या आठवडी बाजारात दहा ओटे आहेत, ० ते ९. समजा ग्रामपंचायतीने नियम केला की पावतीचा शेवटचा आकडा तोच ओट्याचा नंबर. ४७ नंबरची पावती असलेली सांबारवाली बाई ७ नंबरच्या ओट्यावर बसेल. ५७ नंबरचा मिरचीवालाही ७ वरच येईल. तो आला की बाईला उठावे लागेल, मग बाजूचा ८ नंबरचा ओटा दिवसभर रिकामा का असेना. (खऱ्या बाजारात असा नियम केला तर भांडणे होतील, पण सर्किटला तो सोपा पडतो : शोधायला एकच जागा.)

इथे शेवटचा ७ हा इंडेक्स झाला. पण ओटा ७ वर आत्ता कोण बसले आहे, ४७ की ५७? ते कळावे म्हणून उरलेला आकडा, ४ किंवा ५, ओट्याच्या पाटीवर खडूने लिहायचा. हा टॅग. ओट्यावर मांडलेल्या टोपल्यांपैकी कितवी हवी, तो ऑफसेट. आणि एक गोष्ट राहतेच : ओटा रिकामा असला तरी पाटीवर मागच्या बाजाराचा आकडा पुसायचा राहिलेला असू शकतो. नुसती पाटी वाचून फसगत होईल. म्हणून कॅशच्या प्रत्येक लाइनला एक व्हॅलिड बिट असतो. तो ० असेल तर टॅग जुळला तरी मिसच धरायचा.

आता दिलेली आकडेमोड.

ब्लॉक १६ बाइटचा, म्हणजे 2^4, म्हणून ऑफसेट ४ बिट. कॅशमधील लाइन्स = १०२४ ÷ १६ = ६४ = 2^6, म्हणून इंडेक्स ६ बिट. उरले ते टॅगचे : १६ − ६ − ४ = ६ बिट. मेमरी किती मोठी आहे हे इंडेक्स काढताना बघावे लागत नाही. अ‍ॅड्रेस मोठा झाला तर फक्त टॅग वाढतो.

```
15        10 9         4 3       0
|   टॅग    |  इंडेक्स   |  ऑफसेट  |
    6 बिट       6 बिट       4 बिट
```

पहिला अ‍ॅड्रेस सविस्तर सोडवतो :

```
0x2C5A = 0010 1100 0101 1010
       = 001011 | 000101 | 1010
टॅग = 11, इंडेक्स = 5, ऑफसेट = 10
```

हेक्सचे चार-चार बिटांचे गट आणि आपले ६-६-४ चे गट जुळत नाहीत, चूक इथेच होते. हेक्सचा दुसरा अंक C मधोमध तुटतो : 11 टॅगमध्ये जातो, 00 इंडेक्समध्ये. (मी आधी C पूर्ण टॅगमध्ये घेतला होता, ते खोडले आहे.) ताळा दशमानात : 0x2C5A = ११३५४. ११३५४ ÷ १६ = ७०९, बाकी १०, हा ऑफसेट. ७०९ ÷ ६४ = ११, बाकी ५. भागाकार टॅग, बाकी इंडेक्स. जुळले.

बाकीचे अ‍ॅड्रेस याच रीतीने :

```
अ‍ॅड्रेस   टॅग  इंडेक्स  ऑफसेट  निकाल
0x2C5A    11     5       10    मिस
0x2C54    11     5        4    हिट
0x305A    12     5       10    मिस
0x2C5F    11     5       15    मिस
0x2C60    11     6        0    मिस
0x2C6C    11     6       12    हिट
```

६ वाचनांत २ हिट, ४ मिस. हिट रेशो = २/६ = ३३.३३ टक्के.

कारणे : पहिल्या वाचनात लाइन ५ चा व्हॅलिड बिट ० होता, पाचव्यात लाइन ६ चा. ब्लॉक पहिल्यांदाच मागितला, त्यामुळे हे मिस टळणारे नव्हते. मिस झाला की एक बाइट नाही, पूर्ण १६ बाइटचा ब्लॉक येतो. म्हणून दुसरे आणि सहावे वाचन फुकटात हिट झाले, ते बाइट शेजाऱ्याबरोबर आधीच आले होते.

तिसरे वाचनही त्या ब्लॉकचे पहिलेच आहे, पण त्याने लाइन ५ मधला टॅग ११ चा ब्लॉक हुसकावला. चौथ्या वाचनाला नेमका तोच ब्लॉक परत हवा होता. हा मात्र खरा कॉन्फ्लिक्ट मिस, कारण तेव्हा ६४ पैकी ६३ लाइन्स रिकाम्या होत्या! 0x305A − 0x2C5A = 0x400 = १०२४, म्हणजे बरोबर कॅशच्या आकाराइतके अंतर. कॅशच्या आकाराच्या पटीत अंतर असलेले सगळे अ‍ॅड्रेस एकाच लाइनवर येतात, कारण त्यांचे खालचे १० बिट सारखेच असतात.

इंडेक्स मधल्याच बिटांतून का घेतात, वरच्या ६ बिटांतून का नाही? वरचे घेतले असते तर 0x2C00 ते 0x2FFF हे सलग १०२४ बाइट, म्हणजे ६४ ब्लॉक, एकट्या लाइन ११ वर आले असते. प्रोग्राम बहुधा सलग डेटा वाचतो. अ‍ॅरेचा प्रत्येक नवा ब्लॉक आधीच्याला उठवत गेला असता आणि बाकीच्या ६३ लाइन्स तशाच पडून राहिल्या असत्या. मधले बिट घेतल्याने शेजारचे ब्लॉक शेजारच्या लाइन्समध्ये पसरतात. वर 0x2C5F लाइन ५ मध्ये आणि लगेच पुढचा 0x2C60 लाइन ६ मध्ये गेला, तो यामुळेच.

हार्डवेअरमध्ये इंडेक्सने लाइन निवडली जाते, तिथला ६ बिटांचा टॅग एकाच कंपॅरेटरने अ‍ॅड्रेसच्या टॅगशी ताडतात, व्हॅलिड बिटासोबत अँड करतात, आणि ऑफसेटने १६ पैकी एक बाइट उचलतात. एका लाइनला १२८ बिट डेटा + ६ टॅग + १ व्हॅलिड = १३५ बिट लागतात. ६४ लाइन्सना ८६४० बिट, म्हणजे १०८० बाइट. नावाला १ केबी, पण पाट्यांचे ५६ बाइट वेगळे.

कॉन्फ्लिक्ट मिसवर उपाय : समजा एका लूपमध्ये 0x2C00 पासूनचा अ‍ॅरे आणि 0x3000 पासूनचा अ‍ॅरे आळीपाळीने वाचला जातो. दोघांचे समान क्रमांकाचे बाइट एकाच लाइनवर येऊन दर वेळी एकमेकांना उठवतील आणि एकही हिट मिळणार नाही. दुसरा अ‍ॅरे 0x3010 पासून ठेवला, म्हणजे मध्ये १६ बाइट मोकळे सोडले, की त्याचा इंडेक्स एकाने पुढे सरकतो आणि दोघे शेजारच्या ओट्यांवर बसतात.