एकाच सर्व्हरवरील अवलंबित्व दूर करण्यासाठी निधी मंजुरीबाबत

दिनांक : 14 जुलै 2025

प्रति,
मा. कार्यकारी संचालक साहेब,
जिल्हा दूध संघ, कोल्हापूर

विषय : दूध संकलन प्रणालीचा सर्व्हर वारंवार बंद पडत असल्याने पर्यायी व्यवस्थेसाठी ₹ 15,76,480 मंजूर होणेबाबत

आदरणीय साहेब,

मंगळवारी, 8 जुलैला, पहाटे 4 वाजून 50 मिनिटांनी मला पहिला फोन आला तो एका डोंगराकडच्या संस्थेच्या सचिवांचा. "साहेब, दर येईना झालाय, माणसं कॅन घेऊन उभी आहेत." पुढच्या वीस मिनिटांत असेच एकतीस फोन आले. फॅट मशीन चालू होते, वजनकाटा चालू होता. पण दर आणि पावती मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवरून येते आणि त्या सर्व्हरचे डिस्क सांभाळणारे कार्ड जळाले होते. मशीन 2017 चे आहे, त्याचा देखभाल करार 2022 मध्ये संपला. पुण्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी स्वतःच्या जुन्या मशीनमधले कार्ड काढून गाडीने पाठवले, ते साडेदहाला पोहोचले. प्रणाली 11 वाजून 55 मिनिटांनी सुरू झाली. नव्या कार्डाने जुन्या डिस्क ओळखल्या म्हणून माहिती वाचली. ओळखल्या नसत्या तर आदल्या रात्रीच्या बॅकअपवर जावे लागले असते आणि 10 तारखेचे बिल दोन दिवसांवर आलेले होते.

चार महिन्यांत असे पाच वेळा झाले. 12 मार्चला डिस्क गेली, 3 मेला पॉवर सप्लाय, 27 मेला डिस्क भरली, 19 जूनला इंटरनेटची एकुलती एक लाइन रस्त्याच्या खोदाईत तुटली आणि आता हे कार्ड. एकूण 23 तास 40 मिनिटे. वर्षभरात 99.9 टक्के वेळ चालणारी प्रणाली म्हणजे वर्षाला पावणेनऊ तासांपेक्षा जास्त बंद न राहणारी. आपण चार महिन्यांतच त्याच्या जवळपास पावणेतीनपट बंद होतो.

यातली 27 मेची चूक माझ्या विभागाची आहे. डिस्क भरत आल्याची सूचना आम्ही लावलेली नव्हती आणि पहाटे स्क्रीनवर थेट हे दिसले :

```
PANIC: could not write to file "pg_wal/xlogtemp.2214": No space left on device
```

आता 70 टक्क्यांवरच माझ्या आणि दोन सहकाऱ्यांच्या फोनवर सूचना येते. मार्चमध्येही बॅकअप परत चढवायला जो वेळ गेला, तो आम्ही त्याचा सराव कधी केला नव्हता म्हणून गेला. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सराव होतो. जे बिनपैशाचे होते ते आम्ही केले आहे. उरलेले चारही बिघाड एका जातीचे आहेत : एक वस्तू गेली आणि तिच्या जागी उभे राहायला दुसरी नव्हती.

त्याची झळ कुठे बसते, ते मी स्वतः पाहिले. सर्व्हर बंद असला की 186 संस्थांत सचिव वहीत लिहितात आणि रात्री ते सगळे पुन्हा संगणकावर चढवावे लागते. 19 जूनच्या वहीत एका म्हशीच्या दुधाचा फॅट 7.2 होता, चढवताना तो 6.2 झाला. त्या बाईंना एका वेळचे 38 रुपये कमी आले. त्या पावती घेऊन संस्थेत आल्या तेव्हा मी तिथेच होतो. त्यांना रक्कम आपण दिली, पण "आधी कधी असं झालं असंल तर?" या त्यांच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वहीतून चढवलेल्या प्रत्येक नोंदीबद्दल हा प्रश्न खरा आहे. लेखा विभागाने पाचही घटनांचा थेट खर्च (रात्रीची कामे, थांबलेले टँकर, दुरुस्ती) ₹ 3,64,000 काढला आहे. त्यात अशा चुका धरलेल्या नाहीत.

मागणी अशी आहे. दोन नवे सर्व्हर. एक मुख्य कार्यालयात, दुसरा नऊ किलोमीटरवरच्या शीतकरण केंद्रात. पहिल्यावर झालेली प्रत्येक नोंद लगेच दुसऱ्यावर उतरेल आणि पहिला पडला तर साधारण मिनिटाभरात दुसरा काम हाती घेईल. गावातल्या सचिवांना काहीच करावे लागणार नाही. दुसरी जागा मुद्दाम उंचावरची निवडली आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आपल्या कुंपणापर्यंत आले होते आणि सर्व्हरची खोली आजही तळमजल्यावर आहे.

तिसरे एक छोटे मशीन पशुखाद्य कारखान्यात लागेल. ते अनावश्यक वाटू शकते, म्हणून खुलासा करतो. दोन सर्व्हरांमधला संपर्क तुटला तर दोघांनाही वाटते की समोरचा मेला आणि दोघेही नोंदी घ्यायला लागतात. मग संघाच्या दोन वेगवेगळ्या खातेवह्या तयार होतात आणि त्या जुळवणे हे बंद पडण्यापेक्षा वाईट. तिसरे मशीन पंचाचे काम करते : ज्याच्या बाजूने दोन मते, तोच लिहिणार.

खर्च : दोन सर्व्हर, दुहेरी पॉवर सप्लायसह, ₹ 9,20,000, पंच मशीन ₹ 55,000, शीतकरण केंद्रासाठी बॅटरीसह यूपीएस ₹ 85,000, नेटवर्क स्विच ₹ 60,000, दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइन, वर्षाला ₹ 96,000, बाहेरच्या तज्ज्ञाकडून उभारणी आणि आमच्या लोकांचे प्रशिक्षण ₹ 1,20,000. बेरीज ₹ 13,36,000, 18 टक्के जीएसटी ₹ 2,40,480. यातला फक्त इंटरनेटचा खर्च दरवर्षीचा आहे. याच कामात डेटाबेसची आवृत्तीही बदलू. आपण वापरतो त्या पोस्टग्रेस 12 चा आधार गेल्या नोव्हेंबरात संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे बंद झाले आहे.

जुना सर्व्हर दुसरा म्हणून ठेवून पैसे वाचवता येतील, असे सुचवले गेले आहे. सगळा निधी आत्ता शक्य नसेल तर एक नवा सर्व्हर, पंच मशीन, यूपीएस आणि उभारणी एवढे ₹ 8,49,600 मध्ये होईल आणि तेही आजच्यापेक्षा बरेच बरे. पण ज्या मशीनने चार महिन्यांत तीन सुटे भाग गमावले, त्याच्या भरवशावर मार्च 2026 च्या पुढे राहू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. कोणी चुकून नोंदी पुसल्या तर त्या दोन्ही सर्व्हरवरून पुसल्या जातील. दुसरा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. रोजचा बॅकअप आणि महिन्याचा सराव चालूच राहील.

28 जुलैच्या संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. मंजुरीनंतर सामान यायला पाच आठवडे आणि उभारणी-चाचणीला तीन आठवडे लागतील. ऑक्टोबरात दिवाळीच्या बिलाची आणि फरकाची गडबड सुरू होते. त्याआधी दुसरा सर्व्हर उभा असावा, अशी माझी धडपड आहे. तिन्ही पुरवठादारांची दरपत्रके आणि पाचही घटनांचा वेळेवार तपशील सोबत जोडला आहे. बैठकीत मी स्वतः हजर राहून प्रश्नांची उत्तरे देईन.

आपला विश्वासू,
ऑपरेशन्स प्रमुख
माहिती तंत्रज्ञान विभाग