तिप्पट होणारं टोकन

"अण्णा, हे क्रिप्टो टोकन महिन्यात तिप्पट होणार. ग्रुपवर सगळे कमावतायत!" दूधवाल्या पोराने मोबाईल पुढे केला.

मिरजेतल्या किराणा दुकानात तूरडाळ तोलणाऱ्या अण्णांचा हात थबकला. मोह कुणाला सुटलाय? गल्ल्यातले वीस हजार त्यांनी बाजूला काढलेसुद्धा.

रात्री भाचीने टोकनचा पत्ता ब्लॉकचेन एक्सप्लोररवर, म्हणजे टोकनचे सगळे व्यवहार उघड दाखवणाऱ्या वेबसाइटवर टाकला. नव्वद टक्के टोकन तीनच वॉलेटांत. विक्रीचे व्यवहारही फक्त त्याच तिघांचे.

"म्हणजे घ्यायचं सगळ्यांनी, विकायचं त्यांनीच?"

"तसंच दिसतंय, मामा."

वीस हजार सकाळी तेलाच्या डब्यांना गेले. दूध घेताना अण्णांनी पोराला थांबवलं. "ग्रुपवरचे फोटो सोड. विकून बँकेत पैसे आलेला एक तरी माणूस दाखव. आणि खरं सांग, तू किती घातलेस?"