अडीच किलो वांगी
मराठी शिकणाऱ्यांसाठी गोष्ट, नवे शब्द आणि प्रश्न

आधी गोष्ट मोठ्याने वाचा. एखादा शब्द अडला तरी थांबू नका, अर्थ खाली दिले आहेत.

गोष्ट

रेवती मदुराईची आहे. ती कोल्हापुरात एका बँकेत काम करते. ती मराठी शिकते आहे.

आज रविवार. रेवती सकाळी आठ वाजता कपिलतीर्थ मार्केटमध्ये आली. हे मार्केट अंबाबाईच्या देवळाजवळ आहे. तिथे खूप गर्दी होती. एक भाजीवाला ओरडत होता, "टोमॅटो वीसला अर्धा! वीसला अर्धा!"

एका मावशींसमोर वांग्यांचा ढीग होता. वांगी लहान, गोल आणि जांभळी होती.

"मावशी, वांगी कशी दिली?" रेवतीने विचारलं.

"ऐंशी रुपये किलो. जवारी हैत. घ्या की ताई!"

"अडीच किलो द्या."

मावशींचा हात थांबला. "अडीच किलो? घरात कार्य हाय व्हय?"

"नाही. मी एकटीच राहते."

"मग एवढी वांगी कोण खाणार?"

रेवती गोंधळली. तिने पिशवीतून यादी काढली आणि मावशींना दाखवली. यादीत लिहिलं होतं : वांगी, २५० ग्रॅम.

मावशी हसल्या. "अगं पोरी, हे अडीचशे ग्रॅम! म्हणजे पाव किलो."

त्यांनी तराजूत एक लहान वजन ठेवलं. "हे बघ, हे पाव." मग दुसरं ठेवलं. "हे अर्धा. दोन्ही मिळून पाऊण."

"पाव, अर्धा, पाऊण," रेवती म्हणाली. "मग पाव किलो वांगी द्या. आणि अर्धा किलो टोमॅटो."

"टोमॅटो वीसला अर्धा. आणखी काय?"

"मेथीची पेंडी कशी?"

"वीस रुपये."

"पंधराला द्या की!"

रेवतीचा 'की' ऐकून मावशी खूश झाल्या. "आता शोभतीस कोल्हापूरची! घे पंधराला."

रेवतीने शंभरची नोट दिली. मावशींनी सुट्टे पैसे परत केले आणि पिशवीत थोडी कोथिंबीर घातली. "ही वरून घे. पैसे नकोत."

"येते मावशी."

"ये गं. कार्य असलं की अडीच किलो न्यायला ये!"

नवे शब्द

ढीग : एकावर एक ठेवलेल्या खूप वस्तू
यादी : आणायच्या वस्तू लिहिलेला कागद
तराजू : वजन करायचं साधन
गोंधळणे : काय करावं ते न कळणे
शोभणे : छान दिसणे, योग्य वाटणे
सुट्टे पैसे : लहान नोटा आणि नाणी
वरून : विकत घेतलेल्या मालावर फुकट
कार्य : लग्न, बारसं असा घरातला समारंभ

बाजारातली मापं

ही मापं पाठच करा. बाजारात 'दोनशे पन्नास ग्रॅम' असं फार कमी लोक म्हणतात.

पाव किलो : २५० ग्रॅम
अर्धा किलो : ५०० ग्रॅम
पाऊण किलो : ७५० ग्रॅम
सव्वा किलो : १ किलो २५० ग्रॅम
दीड किलो : १ किलो ५०० ग्रॅम
अडीच किलो : २ किलो ५०० ग्रॅम

तीनपासून पुढे 'साडे' येतं : साडेतीन, साडेचार. 'साडेएक' आणि 'साडेदोन' मात्र म्हणत नाहीत. शंभरातही हेच शब्द येतात : दीडशे म्हणजे १५०, अडीचशे म्हणजे २५०.

थोडं कोल्हापुरी

हाय, हैत : आहे, आहेत
व्हय : होय. प्रश्नाच्या शेवटी आला तर 'का?'
जवारी : गावरान, देशी
पेंडी : पालेभाजीची जुडी
की : आग्रह करताना वाक्याच्या शेवटी. घ्या की, बसा की, चला की!

प्रश्न

पूर्ण वाक्यात उत्तरं द्या.

१. कपिलतीर्थ मार्केट कुठे आहे?
२. रेवतीला खरं तर किती वांगी हवी होती? ती काय म्हणाली?
३. 'घरात कार्य हाय व्हय?' असं मावशींनी का विचारलं?
४. मावशी आधी रेवतीला 'घ्या' म्हणतात, नंतर 'घे' म्हणतात. त्या कधी बदलल्या? का?
५. मावशींनी रेवतीला किती रुपये परत दिले? हिशेब बोलून दाखवा.

चूक की बरोबर?

१. रेवतीने दोन पेंड्या मेथी घेतली.
२. कोथिंबीर फुकट मिळाली.
३. अडीच किलो वांग्यांचे दोनशे रुपये झाले असते.

शेवटचं काम जोडीने करा. एकजण भाजीवाला, एकजण गिऱ्हाईक. दीड किलो कांदे आणि पाव किलो मिरची घ्या. भाव विचारा, कमी करायला सांगा आणि निदान दोनदा 'की' वापरा. मग भूमिका बदला.